काचेखालचा कागद

कॉलेजात तिला तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘चाळणीबाई’. आस्थापना विभागाची ती वरिष्ठ लिपिक. अधिव्याख्यात्याची जागा निघाली की आलेल्या अर्जांची छाननी तिच्याच टेबलावर व्हायची, त्यावरून पडलेलं हे नाव. ते तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सव्वीस वर्षांत आपल्या हातून एकही खडा पुढे गेला नाही, असं ती घरी-दारी सांगायची. चाळणीत दाणे किती अडकून राहिले, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

या वेळी जागा भूगोलाची होती. एकच. जुने सर निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं ती रिकामी होती, आणि तेवढी वर्षं भूगोल शिकवायचं काम तासावर नेमलेल्या लोकांकडून उरकून घेतलं जात होतं. त्यातली शेवटची आठ वर्षं एकटीने रेटली ती नकाशा मॅडमने. काखेत कायम दोन-तीन गुंडाळलेले नकाशे, एका हातात खडू-डस्टर, अशी ती जिने चढायची, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव शिक्षकांच्याही तोंडी बसलं होतं. विभागात कायम नोकरीचा माणूस एकच, विभागप्रमुख. ते स्वभावाने गरीब होते आणि त्यांची प्रात्यक्षिकंसुद्धा नकाशा मॅडमच घ्यायची.

जाहिरात लागली त्याच आठवड्यात ती अनुभवाचा दाखला मागायला बाईंच्या टेबलाशी आली होती.

“बाई, दाखल्यावर आठ वर्षं असं लिहाल ना?”

“आठ वर्षं कशी लिहू? तुमची ऑर्डर दर वर्षी नऊ महिन्यांची. नऊ महिन्यांचे आठ तुकडे लिहीन. रेकॉर्डला जे आहे ते.”

“मधल्या तीन महिन्यांतही मी येतेच की हो. पेपर तपासते, प्रवेशाच्या टेबलावर बसते.”

“येता, ते मी बघते. पण ऑर्डर नाही ना.”

मॅडमने काखेतले नकाशे टेबलाच्या कडेला टेकवले. मग म्हणाली, “मला चव्वेचाळीस पूर्ण झालीत, बाई. जाहिरातीत पंचेचाळीसची अट आहे. यानंतर जागा निघाली तरी माझ्या काय कामाची?”

“अर्ज तर करा,” बाई म्हणाली आणि आठ ओळींचा दाखला टाइप करून दिला. दर ओळीत जुलै ते मार्च.

नऊ महिनेच का, हे तिथे कुणी कुणाला विचारत नसे. दहावा महिना दिला की माणूस जागेवर हक्क सांगेल, अशी वरच्यांची भीती. त्या ऑर्डरीही बाईच टाइप करायची. दर जुलैत तासावरचे सगळे तिच्या टेबलाशी रांग लावायचे, टेबलाच्या काचेवर कागद ठेवून ‘अटी मान्य’ खाली सही करायचे आणि वर्गावर जायचे. तिला ते कधी खटकलं नाही. सहीची जागा चुकली की मात्र ती ओरडायची.

अर्ज आले एकसष्ट. छाननीला तिघे बसले: उपप्राचार्य, विभागप्रमुख आणि बाई. खोली तीच, रेकॉर्डरूमच्या शेजारची; भिंतीला लोखंडी कपाटं, खिडकीशी बाईंचं टेबल, आणि त्या टेबलाच्या जाड काचेखाली पिवळा पडत चाललेला गुणांचा तक्ता. आठ वर्षांपूर्वी छाननीचे नवे नियम आले तेव्हा बाईंनी तो स्वतः तिथे सरकवला होता. पदवीला इतके गुण, पदव्युत्तरला इतके, डॉक्टरेटला पंचवीस, पात्रता परीक्षेला आठ, प्रत्येक शोधनिबंधाला दोन असे जास्तीत जास्त सहा, अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला दोन असे जास्तीत जास्त दहा. हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच. मुलाखतीच्या दारापर्यंत माणूस याच गुणांवर पोचायचा. आत गेल्यावर त्यांना कुणी विचारत नसे. पण दारच उघडलं नाही तर आतल्या न्यायाचं काय घेऊन बसायचं?

बाईंना हे काम यायचं, यात वाद नाही. पहिल्या दिवशी तिने पात्रतेवरच तेवीस अर्ज बाजूला काढले. एकाने पात्रता परीक्षेच्या प्रमाणपत्राऐवजी हॉल तिकीट जोडलं होतं.

“परीक्षेला बसलाय एवढं तर सिद्ध होतंय,” उपप्राचार्य हसून म्हणाले.

“बसायला काय, मीही बसेन,” बाई म्हणाली.

एकाचा निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर चार दिवसांनी लागला होता. तोही गेला, कारण पात्रता शेवटच्या तारखेला हातात पाहिजे. एका मुलीच्या प्रमाणपत्रावरची तारीख उशिराची होती, म्हणून विभागप्रमुख तिलाही बाजूला ठेवायला निघाले. बाईंनी त्यांचा हात थांबवला. प्रमाणपत्र छापून यायला महिने लागतात, निकाल कधीचा ते बघायचं. तिने निकालाचा कागद शोधून काढला आणि ती मुलगी वाचली. अशा वेळी बाईंना स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

शोधनिबंधांची तर तिने सालं काढली. नियतकालिक मान्य यादीत आहे का, आणि निबंध छापला त्या वर्षी होतं का, हे दोन्ही ती बघायची. ‘निबंध स्वीकारला आहे’ अशा पत्राला शून्य. छापून आलेलं पान दाखवा. एका महाशयांनी एकच निबंध दोन शीर्षकांखाली दोन ठिकाणी छापून चार गुण मागितले होते. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवले, आतले तक्ते जुळवले आणि दोन गुण कापले.

“बाई, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही बुवा,” उपप्राचार्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अडतीस पात्र अर्जांचे गुण लागले. नकाशा मॅडमचे झाले छप्पन्न: पदवीचे एकोणीस, पदव्युत्तरचे तेवीस, पात्रता परीक्षेचे आठ, तीन निबंधांचे सहा. अनुभवाच्या रकान्यात शून्य. रकान्याचं नाव होतं ‘अनुभव, पूर्ण वर्षे’, आणि नऊ महिन्यांत पूर्ण वर्ष बसत नव्हतं. विभागप्रमुखांनी तो शून्य बघितला, चष्मा काढून पुसला आणि पुढचा अर्ज ओढला.

एका जागेला आठ जण बोलवायचे. आठव्याचे गुण त्रेसष्ट. कच्ची यादी झाली, उपप्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी सही केली आणि ते चहाला गेले. बाईंची सही शेवटी असायची, ‘तपासले’ या शब्दापुढे. पण त्याआधी तिला एक हिशेब चुकता करायचा होता. तो होता अर्ज क्रमांक सत्तेचाळीसचा.

हा सत्तेचाळीस नंबर कुठल्या तरी लांबच्या गावचा होता. डॉक्टरेट, पात्रता परीक्षा, निबंध, सगळं होतं त्याच्याकडे; यादीत पहिलाच होता. तरी त्या गृहस्थाने सात महिन्यांच्या अध्यापनाचे एक पूर्णांक सतरा शतांश गुण मागितले होते, आणि वर नियमाची छापील प्रत जोडून त्यातली एक ओळ पिवळ्या शाईने रंगवली होती. बाईंचा पारा तेव्हाच चढला होता. आम्हाला नियम शिकवतो! सव्वीस वर्षं काय आम्ही इथे माशा मारतोय? याला कलमासकट उत्तर द्यायचं, असं तिने सकाळीच ठरवून टाकलं होतं.

कलमाचा आकडा हवा म्हणून तिने आधी काचेखालचा तक्ता बघितला. अनुभवाच्या ओळीपुढे कंसात होतं, ‘टीप तीन पाहा’. आणि पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, ‘टिपा मागील पानावर’.

तिने ते पहिल्यांदा वाचलं असं नाही. रोज वाचत होती. डब्याच्या झाकणावरचा मजकूर वाचावा तसं, आठ वर्षं.

समितीला दिल्या जाणाऱ्या झेरॉक्स एकाच बाजूच्या होत्या. त्याही तिनेच काढल्या होत्या, तक्ता काचेखाली जाण्याआधी. संगणकातला रकाना तिच्याच सांगण्यावरून ‘पूर्ण वर्षे’ असा बांधला होता, कारण अपूर्णांक आले की बेरजेला त्रास होतो.

बाईंनी फोन, पेनस्टँड, टाचण्यांची डबी, सगळं खुर्चीवर ठेवलं. शिपाईमामांना हाक मारली. दोघांनी मिळून काच एका बाजूने उचलली. कागद काचेला चिकटला होता; पट्टी घालून हळूहळू सोडवावा लागला. एक कोपरा काचेवरच राहिला.

मागच्या पानावर टीप तीन होती. ‘अध्यापनाचा अनुभव पूर्णवेळ अथवा तासिका तत्त्वावरील असला तरी ग्राह्य धरावा, मात्र नेमणूक रीतसर निवड समितीमार्फत झालेली असावी. अनुभव एका वर्षापेक्षा कमी काळाचा असल्यास त्या प्रमाणात गुण द्यावेत.’

“काय झालं, बाई?” शिपाईमामांनी विचारलं.

“काही नाही. काच ठेवा खाली.”

तिने एका रिकाम्या पाकिटावर आकडे मांडले. नऊ महिने म्हणजे पाऊण वर्ष. पाऊण वर्षाचे दीड गुण. असे आठ तुकडे म्हणजे बारा, कमाल मर्यादा दहा. छप्पन्न आणि दहा, सहासष्ट. आठव्याला त्रेसष्टवर बोलावलं होतं. निवड समितीचं म्हणाल तर दर जूनला तासावरच्यांच्या मुलाखती रीतसर व्हायच्या. इतिवृत्तं तिच्याच कपाटात होती.

दोनदा गुणलं, तीनदा गुणलं. आकडा बदलला नाही. आता तिला संताप आला, आणि गंमत अशी की तो कुणावर काढावा ते कळेना. सत्तेचाळीस नंबरवर काढण्यासारखा राहिला नव्हता. यादीवर सही न करता ती पर्स उचलून घरी गेली. असं आधी कधी झालं नव्हतं.

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं मशीन. तिने ओट्याशी न जाता कपड्यांच्या ढिगाशेजारी बसकण मारली, तेव्हा त्याने मशीन थांबवलं.

“अहो, कुणी पाऊण मीटर कापड आणलं तर तुम्ही काय धरता?”

“पाऊण मीटर.”

“शून्य नाही धरत?”

“शून्य कसं धरीन? कापड समोर दिसतंय. कोण धरतं शून्य?”

“मी,” ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. गळ्यातला टेप काढून त्याने मशीनवर ठेवला.

“मग आता उद्या नीट कर.”

“हिचं होईल हो नीट. आधीच्यांचं काय?”

कारण आठ वर्षांत भूगोलाखेरीज तीन जागा भरल्या होत्या. रसायन, वाणिज्य आणि इतिहास. रसायन-वाणिज्याचे चेहरे तिला आठवत नव्हते, पण इतिहासाचे सर आठवत होते. नऊ वर्षं तासावर शिकवलेला माणूस. बोलायला हळू, कपड्यांची इस्त्री कधी मोडलेली नाही. यादी लागली त्या दिवशी ते तिच्या खिडकीशी आले होते आणि त्यांनी विचारलं होतं, “बाई, माझं कमी कुठे पडलं, तेवढं सांगाल का?” तिने रकाना बघून सांगितलं होतं, “अनुभव शून्य.” ते म्हणाले, “नऊ वर्षं?” ती म्हणाली, “पूर्ण वर्ष एकही नाही.” त्यांनी मान हलवली आणि आभार मानले. आभार! पुढच्या जुलैत ते रांगेत नव्हते. नंतर कुणीतरी सांगितलं, वह्या-पेन्सिलींचं दुकान टाकलंय.

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी आली आणि तिन्ही जागांच्या फाइली काढून बसली. अनुभवाच्या रकान्यात शून्य मिळालेले तासावरचे अकरा जण निघाले. टीप तीनने गुण लावले तर त्यातल्या चौघांना मुलाखतीचं पत्र गेलं असतं. इतिहासाचे सर यादीत तिसरे आले असते.

उपप्राचार्य आले तसे तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला, मागचं पान वर करून. विभागप्रमुखही होते. उपप्राचार्यांनी टीप वाचली, परत वाचली, पान उलटून तक्ता बघितला.

“अरेच्चा,” ते म्हणाले. “हे राहिलंच की.”

“राहिलं नाही, सर. आपण वाचलं नाही.”

“तेच ते. बरं झालं लक्षात आलं. पुढच्या भरतीपासून लावून टाकू.”

“या भरतीला का नाही?”

“बाई, यादीवर दोन सह्या झाल्यात. आज बोर्डावर जायची आहे.”

“माझी झालेली नाही.”

उपप्राचार्यांनी खुर्ची ओढली आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागले. तो सूर बाईंना पाठ होता; मुलं मोर्चा घेऊन आली की ते याच सुरात बोलायचे आणि मुलं कंटाळून परत जायची. “मला कळत नाही असं समजू नका. नकाशा मॅडमवर अन्याय झालाय, मान्य. पण आज तिला अनुभवाचे दहा दिले की उद्या जुने सगळे दारात उभे राहतील. आमचे का नाही दिले म्हणतील. कोर्टात जातील. झालेल्या नेमणुका अडचणीत येतील. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? कॉलेजची अब्रू आहे की नाही? आणि कुणी मुद्दाम केलंय का हे?”

“मुद्दाम केलं असतं तर एखाद्याचं नुकसान झालं असतं. आपण सरसकट सगळ्यांचं केलं.”

विभागप्रमुख खाकरले. “मी काय म्हणतो, पुढच्या वेळी आपण तिला नक्कीच...”

“पुढच्या वेळी तिचं वय बसत नाही, सर. तुम्हाला माहीत आहे ते. तुमची प्रात्यक्षिकं आठ वर्षं तिने घेतली आणि काल तिच्या नावापुढचा शून्य बघून तुम्ही चष्मा पुसलात.”

इतक्या वर्षांत बाई कुणा सरांना असं बोलली नव्हती. एकदा तोंड उघडल्यावर आता मिटायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. विभागप्रमुखांनी खाली बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

उपप्राचार्यांचा सूर बदलला. “हे बघा, तुमची सही नसली तर अडत नाही. बाई रजेवर होत्या असा शेरा मारून यादी लावता येते. आणि एक लक्षात ठेवा, झेरॉक्स तुम्ही काढल्यात, रकाना तुम्ही बांधून घेतलात. चौकशी लागली तर पहिलं नाव कुणाचं येईल? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची.”

आता हे खरंच होतं. खोटं असतं तर बाईंना राग आला असता आणि गोष्ट सोपी झाली असती. पण ते शब्दाशब्दाला खरं होतं. माणसाला गप्प करायला तेच लागतं. ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली. ‘आपल्या हातून एकही खडा पुढे गेला नाही’ हे ती किती जणांना सांगत आली होती! दारात उभं राहून नीट शिकवणाऱ्या माणसांना परत पाठवलं आणि त्यालाच शिस्त म्हणत राहिली. घरी येऊन जेवली, झोपली, सुखाने.

मग तिने कोरा कागद घेतला आणि प्राचार्यांना उद्देशून टिपण लिहायला घेतलं. टाइप केलं नाही, हाताने लिहिलं. नियम काय आहे, आपण काय लावत आलो, फरक किती, कुणाकुणाला बसला. अकरा नावं, जुने गुण, सुधारित गुण. आणि शेवटी: ‘तक्त्याचे मागील पान न वाचता झेरॉक्स काढण्याची व रकाना चुकीचा बांधून घेण्याची चूक माझी आहे. तक्ता आठ वर्षे माझ्या टेबलावर होता.’ खाली सही, तारीख.

एवढ्याने काही होत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. असली टिपणं ‘चर्चा करू’ असा शेरा मिळवून खणात जातात आणि तिथेच म्हातारी होतात. म्हणून तिने आवक नोंदवही ओढली. बाहेरून आलेल्या पत्रांची ही वही. दर पत्राला एक क्रमांक. आतलं टिपण त्यात चढवायचा रिवाज नव्हता, पण चढवू नये असा नियमही नव्हता, आणि नियम काय म्हणतो ते आता ती दोन्ही बाजूंनी वाचत होती. तिने क्रमांक घातला, विषय लिहिला, टिपणावर शिक्का मारला. आवक क्रमांक पडलेल्या कागदाला उत्तर द्यावंच लागतं. वरून तपासणीला येणारे लोक खुर्चीवर बसायच्या आधी हीच वही मागतात आणि उत्तराचा रकाना रिकामा दिसला की बोट ठेवतात. मग तिने सत्तेचाळीस नंबरचा अर्जही चढवला, त्याची पिवळी ओळ ही हरकत धरून. पुढचा क्रमांक.

वही उघडीच धरून ती उपप्राचार्यांच्या टेबलाशी गेली.

“हे काय?”

“आवक झालंय, सर. दोन क्रमांक आहेत. एक माझा, एक उमेदवाराचा. आता मी रजेवर होते असा शेरा माराल, तर त्याच तारखेला माझ्या हातची नोंद वहीत आहे.”

त्यांनी वही जवळ ओढली, बराच वेळ बघितलं. पान फाडता येत नव्हतं. पानांना छापील आकडे होते.

“बाई, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय.”

“हो,” ती म्हणाली. “माझाच पाय आहे.”

तेवढ्यात विभागप्रमुख उठले. त्यांनी कच्ची यादी हातात घेतली, खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली. “माझी सही मी मागे घेतो,” ते इतक्या हळू बोलले की उपप्राचार्यांना ‘काय?’ म्हणून विचारावं लागलं. दुसऱ्यांदा ते जरा मोठ्याने बोलले.

प्राचार्यांनी टिपण वाचायला दोन दिवस लावले. तिसऱ्या दिवशी शेरा आला: ‘टीप तीननुसार सर्व अर्जांचे फेरगुणांकन करावे. मागील प्रकरणांबाबत वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवावे. संबंधित लिपिकाचा खुलासा घ्यावा.’ बाईंनी खुलासा त्याच दिवशी दिला. टिपणातलं शेवटचं वाक्य तिने त्यात जसंच्या तसं उतरवलं.

सुधारित यादी लागली. सत्तेचाळीस नंबर पहिला होता तो पहिलाच राहिला. त्याच्या त्या एक पूर्णांक सतरा शतांशाने त्याचं काहीही बदललं नाही. आठवा होता तो बाहेर गेला, आणि हरकतीसाठी सात दिवस आहेत हे बाईंनी त्याला स्वतः फोन करून सांगितलं. नकाशा मॅडम सहावी आली.

दुपारी ती आली. काखेत नकाशे होते. दारातच थांबली.

“या ना, बसा,” बाई म्हणाली. हे ती तासावरच्या कुणाला कधी म्हणाली नव्हती.

मॅडम बसली नाही. “यादी वाचली मी. ‘टीप तीननुसार’ असं लिहिलंय. काय आहे ही टीप?”

बाईंनी सांगितलं. काही वगळलं नाही, झेरॉक्स नाही, रकाना नाही, आधीचे अकरा जण नाहीत. तो कागदही दाखवला. आता तो काचेखाली उलटा ठेवला होता, मागची बाजू वर करून. फाटलेल्या कोपऱ्याचा तुकडा अजून काचेला चिकटलेला होता. मॅडम वाकली. एका बोटाने ओळीवर ओळ वाचत गेली. बाईंना वाटलं, आता ही रडेल, नाहीतर हात हातात घेईल. मनात कुठेतरी तिने त्याची तयारीही केली होती, खोटं कशाला बोला.

“म्हणजे हा कागद इथेच होता?”

“इथेच.”

“दर जुलैला मी याच काचेवर सही करायचे, बाई.” मॅडमचा आवाज चढला नव्हता. “याच जागी. तुम्ही बोट ठेवायचात, इथे करा म्हणून. आठ वेळा. एकदा सही रेघेच्या खाली गेली तर सगळ्यांदेखत बोललात मला. माझ्या तळव्याखाली होता हा कागद.”

मॅडमने काचेवरचं बोट उचललं.

“तुम्ही चूक मान्य केलीत, हे आमच्या विभागाच्या सरांनी सांगितलं मला. चांगलं केलंत. पण मी तुमचे आभार मानणार नाही.”

“मानू नका.”

मॅडमने नकाशे सावरले. दाराशी जाऊन वळली. “मुलाखतीला मी येतेय. काय व्हायचं ते होवो. पण इतिहासाच्या सरांना कळवलंत का?”

“वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलंय. ते आल्यावर...”

“कधी येईल ते?”

बाईंना माहीत होतं कधी येईल. असल्या पत्रांची उत्तरं यायला जितकी वर्षं लागतात, तितकी तिच्या नोकरीत उरली नव्हती. तासाची घंटा झाली तशी मॅडम वर्गावर गेली.

बाईंनी इतिहासाची फाइल काढली. सरांच्या अर्जावर पत्ता होता, दुकानाच्या आधीचा, घरचा. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर ती घरी गेली नाही. आधी त्या घरी आणि तिथून दुकानाचा पत्ता विचारत विचारत गेली. दुकान लहान होतं, पण प्रत्येक वही कडेला कड लावून रचलेली. सर गिऱ्हाईकाला पट्टी मोजून दाखवत होते. शर्टाची इस्त्री तशीच. तिला बघून ते उठून उभे राहिले आणि स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं.

“बाई! तुम्ही इकडे कुठे? बसा, बसा.”

ती उभीच राहिली. पर्समधून तिने नियमाच्या तक्त्याची झेरॉक्स काढली. या वेळी दोन्ही बाजूंची. मागची बाजू वर करून तिने ती त्यांच्या काउंटरवर ठेवली.

“सर, तुम्ही मला विचारलं होतंत, कमी कुठे पडलं,” ती म्हणाली. “मी चुकीचं सांगितलं होतं.”